"नक्की ५० लाख होतील" वाली पोस्ट परत कशी लिहायची: जोखीम सांगून, खोटं वचन न देता

२०१९ च्या दिवाळीत मी आमच्या बायकांच्या ग्रुपवर एक पोस्ट टाकली होती. मी अकाउंट्समध्ये काम करते, आकडेमोड जमते, तेव्हा नुकतीच एसआयपी सुरू केलेली आणि वाटलं की सगळ्यांना सांगावं. पोस्ट अशी होती:

"मैत्रिणींनो, एफडीत पैसे सडवू नका! महिन्याला फक्त ५००० ची एसआयपी करा, १२ टक्के व्याजाने २० वर्षांनी ५० लाख होतील. १२ लाख भरा, ५० लाख घ्या! लाँग टर्ममध्ये लॉस होतच नाही. मी स्वतः करतेय, गेल्या वर्षभरात १५ टक्के मिळाले. उशीर करू नका, लिंक खाली दिलीये."

खूप हार्ट आले, चार जणींनी फॉरवर्ड केली. आमच्याच मजल्यावरच्या वहिनींनी वाचली आणि जानेवारीत मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी ठेवलेली दोन लाखांची एफडी मोडून सगळे पैसे एकदम एका इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर्स घेणाऱ्या म्युच्युअल फंडात टाकले. एसआयपी सुद्धा नाही, एकरकमी. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला त्या आठवड्यात त्या मोबाईल घेऊन दारात आल्या, ॲपवर १ लाख २८ हजार दिसत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्ही लिहिलं होतंत ना, लॉस होतच नाही म्हणून?" त्यांनी दोन दिवसात पैसे काढून घेतले कारण मिस्टरांचं दुकान बंद आणि फी समोर दिसत होती. नोव्हेंबरपर्यंत निफ्टी परत जानेवारीच्या पातळीवर आला होता, पण त्याचा त्यांना काय उपयोग, त्यांचे पैसे तर मधेच लागले.

तेव्हापासून मी ती पोस्ट किती वेळा परत लिहिली असेल, आणि आता ग्रुपमधल्या इतर जणी पण स्वतःची पोस्ट टाकायच्या आधी मला दाखवतात. म्हणून म्हटलं एकदा नीट सगळं लिहून ठेवावं. तुम्ही पैशांवर काही लिहिणार असाल, अगदी सोसायटीच्या ग्रुपवर चार ओळी टाकणार असाल तरी हे वाचा. उदाहरण म्हणून माझीच वरची पोस्ट घेतलीये.

सुरू करायच्या आधी जवळ काय हवं

- तुमची मूळ पोस्ट, वहीत किंवा नोट्समध्ये एकेक वाक्य वेगळ्या ओळीवर लिहून
- गूगल शीट किंवा एक्सेल
- ज्या फंडाबद्दल लिहिताय त्याचं फॅक्टशीट, फंड कंपनीच्या साईटवर दर महिन्याला येतं
- त्या फंडाचा रिस्कोमीटर, तो जोखीम दाखवणारा, गाडीच्या स्पीडोमीटरसारखा काटा असतो तो
- पैशांतलं फारसं न कळणारं घरातलं किंवा शेजारचं एक माणूस, हे शेवटच्या पायरीला लागेल

१. आधी शब्द तपासा, "व्याज" पासून सुरुवात करा

माझ्या पोस्टमधली सगळ्यात मोठी चूक ५० लाखांचा आकडा होता असं लोकांना वाटतं, पण मला विचाराल तर ती चूक "व्याज" या शब्दात होती. आपल्याकडे व्याज म्हणजे ठरलेली गोष्ट. बँक व्याज देते, पोस्ट ऑफिस व्याज देतं, सावकार व्याज घेतो, सगळीकडे दर आधी ठरलेला असतो. म्युच्युअल फंड व्याज देत नाही. इक्विटी फंडात तुमच्या पैशांचे शेअर्स घेतले जातात आणि त्या शेअर्सचा भाव वर गेला तर वाढ, खाली गेला तर घट, बास. मी "१२ टक्के व्याजाने" लिहिलं त्याच क्षणी वाचणाऱ्या बाईच्या डोक्यात एफडीचं पासबुक उघडलं, मग पुढे मी जोखमीबद्दल कितीही लिहिलं असतं तरी ते तिच्या डोक्यात शिरलं नसतं.

तसेच अजून शब्द आहेत. "हप्ता" म्हटलं की रिकरिंग किंवा एलआयसी आठवते, "मॅच्युरिटी" म्हटलं की ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम, "डिपॉझिट" तर विचारूच नका. एसआयपीला मुदत संपून मिळणारी ठरलेली रक्कम असं काही नसतं. हे शब्द काढा आणि "दर महिन्याला गुंतवलेली रक्कम", "वाढ किंवा घट", "त्या दिवशीची किंमत" असं साधं लिहा, थोडं लांब होईल पण होऊ द्या.

मग क्रियापदं बघा. "होतील", "मिळतील", "घ्या" या सगळ्यात वचन आहे. जे घडून गेलंय ते भूतकाळात लिहा, "अमुक काळात इतकी वाढ झाली होती". जे पुढचं आहे ते "समजा" ने सुरू करा, "समजा वर्षाला सरासरी १० टक्के वाढ झाली, तर". हे "समजा" फार कामाचं आहे, गणिताच्या पुस्तकापासून सगळ्यांना माहितीये की समजा म्हणजे खरं असेलच असं नाही.

इथे एक सापळा आहे ज्यात मी स्वतः दुसऱ्या ड्राफ्टला अडकले. मी सगळीकडे नुसतं "शकतात" चिकटवलं. "५० लाख होऊ शकतात", "१५ टक्के मिळू शकतात". वाचणाऱ्याला त्यातलं "शकतात" ऐकूच येत नाही, ५० लाख मात्र ऐकू येतात. "शकतात" लिहायचंच असेल तर त्याच वाक्यात उलट बाजू पण तेवढ्याच मोठ्या आकड्याने यायला हवी.

आणि "निदान", "किमान", "कमीत कमी" हे पण पकडा. "निदान १० टक्के तर कुठे गेले नाहीत" हे वाक्य लिहिणारीला सावध वाटतं पण ती सरळ गॅरंटीच आहे, दहा टक्क्यांची.

२. एक आकडा काढा, त्याजागी चार ठेवा

५० लाख हा आकडा चुकीचा नव्हता, गणित बरोबरच होतं. गूगल शीटमध्ये हे टाका:

```
=FV(12%/12, 240, -5000, 0, 1)
```

२४० म्हणजे वीस वर्षांचे महिने, शेवटचा १ म्हणजे पैसे महिन्याच्या सुरुवातीला जातात. उत्तर येतं साधारण ४९ लाख ९६ हजार. आता फक्त 12% च्या जागी वेगळे दर टाकून बघा:

- १२ टक्के धरले तर जवळपास ५० लाख
- १० टक्के धरले तर साधारण ३८ लाख २८ हजार
- ८ टक्के धरले तर साधारण २९ लाख ६५ हजार
- ६ टक्के धरले तर साधारण २३ लाख २२ हजार

भरलेले पैसे प्रत्येक वेळी १२ लाखच. दर १२ वरून १० टक्क्यांवर आला की १२ लाखांच्या आसपास गायब, म्हणजे आपण वीस वर्षं भरले तेवढे. हे पहिल्यांदा शीटमध्ये बघितलं तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले होते, कारण १२ हा आकडा मी कुठून आणला होता तर सगळे कॅल्क्युलेटर उघडल्यावर तोच भरलेला असतो म्हणून. कोणी तो मला दिला नव्हता.

पोस्टमध्ये चारही आकडे द्या, जागा नसेल तर तीन द्या, पण सगळ्यात खालचा काढू नका. आणि शेजारी स्पष्ट लिहा की हे धरलेले दर आहेत, यापेक्षा कमी पण होऊ शकतं, भरलेल्या १२ लाखांपेक्षा कमी असण्याची शक्यता वीस वर्षांत कमी धरतात पण शून्य नाही.

अजून एक आकडा हवाच, महागाईचा. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर वीस वर्षांनंतरच्या ५० लाखांत आजच्या १५ लाख ५८ हजारांएवढंच सामान येईल.

```
=4995740/(1+6%)^20
```

हे वाचून लोकं नाराज होतात. मला एकीने लिहिलं होतं की ताई उत्साहावर पाणी टाकलंत. पण मुलीच्या लग्नाला ५० लाख पुरतील म्हणून कोणी बाकीची बचत थांबवली तर? त्यापेक्षा आत्ता नाराज झालेलं बरं.

टॅक्सचं लांबण लावू नका, एक ओळ पुरे: इक्विटी फंड वर्षभरापेक्षा जास्त ठेवून विकला तर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखावरच्या नफ्याला १२.५ टक्के टॅक्स, हा दर जुलै २०२४ पासूनचा आहे आणि वीस वर्षं तसाच राहील असं धरू नका.

३. मधला रस्ता दाखवा, रुपयात

आकड्यांची यादी दिली तरी वाचणाऱ्याला वाटतं की रक्कम दरवर्षी हळूहळू वर चढत जाणार, कारण कॅल्क्युलेटरचा ग्राफ तसाच असतो, गुळगुळीत. खरा मार्केटचा रस्ता तसा नसतो आणि माणसं पैसे काढतात ती रस्त्यातच.

म्हणून पडझड सांगा, आणि टक्क्यांत न सांगता रुपयात सांगा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास होता, मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास. म्हणजे शिखरावर ठेवलेल्या एक लाखाचे चौदा महिन्यांत ४० हजार पण उरले नव्हते. २०२० मध्ये तर सव्वादोन महिन्यांत एक लाखाचे साधारण ६२ हजार झाले, आणि त्यात २३ मार्च हा एकच दिवस असा होता की त्या एका दिवसात निर्देशांक १३ टक्के पडला. "३८ टक्के करेक्शन" वाचून कोणाच्या पोटात गोळा येत नाही, "दोन लाखांचे सव्वा लाख" वाचून येतो.

एसआयपीवाल्यांचा इथे एक लाडका मुद्दा असतो की आपण दर महिन्याला घेतो त्यामुळे पडलं तर स्वस्तात मिळतं, सरासरी होते, लॉस होत नाही. सुरुवातीच्या दोन-चार वर्षांत यात तथ्य आहे. पण पंधराव्या वर्षी काय होतं ते बघा. १२ टक्के धरले तर तोवर साधारण २५ लाख जमलेले असतात, भरलेले ९ लाख. आता मार्केट २०२० सारखं ३८ टक्के पडलं तर २५ चे साडेपंधरा होतात, साडेनऊ लाख गेले, आणि त्या महिन्यात स्वस्तात किती घेतलं तर ५ हजारांचं. त्या ५ हजारांनी साडेनऊ लाखांचं काय होणार? म्हणजे एसआयपी जितकी जुनी तितकी ती एकरकमी गुंतवणुकीसारखी वागायला लागते, आणि नेमकं पैसे लागायची वेळ जवळ आलेली असते तेव्हाच. हे मी तरी कुठल्या टिप्सच्या पोस्टमध्ये वाचलं नव्हतं, म्हणून तुमच्या पोस्टमध्ये नक्की घाला.

आणि "पडलं तरी परत वर येतंच" हे वाक्य काढून टाका. आपल्याकडे आत्तापर्यंत आलंय हे खरं, तसंच लिहा, "आत्तापर्यंत". जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ज्या शिखरावर होता ते त्याने परत ओलांडलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं. तेव्हा तिशीत असलेला माणूस तोवर रिटायर झाला.

४. "कोणी करू नये" हे लिहा, आणि "एफडी मोडा" काढा

वहिनींचा किस्सा इथला आहे. मी पोस्टमध्ये एसआयपी म्हटलं होतं, वीस वर्षं म्हटलं होतं, पण त्यांनी घेतलं काय तर "एफडीत सडवू नका" आणि "लॉस होतच नाही", आणि पाच महिन्यांनी लागणारे पैसे एकदम टाकले. मी असं करा म्हटलं नव्हतं हे खरंय, पण असं करू नका हे तरी मी कुठे म्हटलं होतं.

त्यामुळे आता माझ्या प्रत्येक पोस्टमध्ये एक वाक्य असतंच, आणि ते वरच्या अर्ध्या भागात: पाच वर्षांच्या आत जे पैसे लागणार आहेत, फी असो, ऑपरेशन असो, घराचं डाउन पेमेंट असो, ते इक्विटीत टाकू नका. आणि सहा महिन्यांचा घरखर्च सहज हाती लागेल असा बाजूला नसेल तर आधी तो ठेवा. पाच वर्षं हा काही कायदा नाहीये, बरेच जण सात म्हणतात आणि मला सात जास्त पटतं, पण एक आकडा दिलाच पाहिजे, नुसतं "लाँग टर्म" लिहिलं तर कोणाला दोन वर्षं पण लाँग वाटतात.

एफडीला नावं ठेवणं बंद करा. एफडी महागाईपुढे कमी पडते हे खरं, ते लिहा, पण ज्या दिवशी फी भरायची त्या दिवशी किती मिळणार हे ती आधी सांगते, हे तिचं काम आहे. मात्र एफडी म्हणजे शंभर टक्के सेफ असंही लिहू नका, नाहीतर एक गॅरंटी काढून दुसरी ठेवल्यासारखं होईल. बँकेतल्या ठेवींना एका माणसाला एका बँकेत व्याजासकट पाच लाखांपर्यंतच विमा आहे, फेब्रुवारी २०२० च्या आधी तर तो एकच लाख होता. आणि पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागू नाही, हे आपल्याकडे तालुक्याच्या गावात कितीतरी लोकांना माहीत नसतं कारण पाटी, पासबुक, काउंटर सगळं बँकेसारखंच दिसतं.

५. "मला १५ टक्के मिळाले" चं काय करायचं

स्वतःचा अनुभव काढू नका, तो आहे म्हणून तर लोकं वाचतात. पण तारखा लिहा. माझे १५ टक्के खोटे नव्हते, पण ते फक्त पहिल्या महिन्यात टाकलेल्या रकमेवरचे होते. मी ऑक्टोबर २०१८ च्या शेवटी सुरुवात केली होती, तेव्हा मार्केट नुकतंच जोरात आपटलेलं, निफ्टी १० हजारांच्या जरा वर. वर्षभराने साडेअकरा हजारांच्या वर. पण कोणी माझ्या दोनच महिने आधी, ऑगस्ट २०१८ च्या शेवटी पैसे टाकले असते तर ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी निफ्टी जवळजवळ तिथल्या तिथेच दिसला असता. दोन महिन्यांच्या फरकाने १५ टक्के किंवा जवळपास काही नाही, यात माझी हुशारी कुठे होती.

तर असं लिहा: "मी अमुक महिन्यात सुरू केलं, तेव्हा मार्केट नुकतंच पडलेलं होतं, त्यामुळे माझे आकडे चांगले दिसतात, तुमचे वेगळे येतील." आणि जमलं तर तुमचा एक वाईट आकडा पण द्या. मी आता मार्च २०२० मध्ये माझी स्वतःची रक्कम किती खाली गेली होती ते सांगते. ॲपचा हिरवा स्क्रीनशॉट टाकणार असाल तर टाकूच नका, लोकं स्क्रीनशॉट कापून पुढे पाठवतात, खालचा मजकूर तिथेच राहतो.

लिंकचं पण सांगते. माझ्या लिंकवरून कोणी अकाउंट उघडलं की मला थोडे पैसे मिळायचे, पोस्टमध्ये मी ते लिहिलं नव्हतं. लपवायचं असं मनात नव्हतं, सुचलंच नाही. पण वाचणारीला हे कळायलाच हवं की सांगणारीला यात काही मिळतंय का. आता मी लिंकच देत नाही. तुम्ही देणार असाल तर लिंकच्या वरच्या ओळीत लिहा, खालच्या नाही.

६. फंडाचं किंवा शेअरचं नाव घ्यायचं का

माझं मत, घेऊ नका. "इंडेक्स फंड म्हणजे काय, त्यात जोखीम काय" हे समजावणं ही माहिती झाली. "अमुक फंड घ्या, तमुक शेअर या भावाला उचला" हा सल्ला झाला, आणि असा सल्ला देण्याचा व्यवसाय करायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. सल्लागारांचा नोंदणी क्रमांक INA ने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा INH ने, आणि म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकाकडे एआरएन नंबर असतो, वितरकाला फंड कंपनीकडून कमिशन मिळतं. तुमच्याकडे यातलं काही नसेल तर पोस्टमध्ये सरळ लिहा की मी नोंदणीकृत सल्लागार नाही. मात्र हे लिहिलं म्हणून खाली शेअरची टिप द्यायला मोकळे असं समजू नका, ती ओळ कवच नाहीये.

प्रकाराचं नाव घेताना रिस्कोमीटर बघून त्यातला शब्द जसाच्या तसा लिहा. त्यात सहा पायऱ्या असतात, सगळ्यात खाली कमी जोखीम आणि सगळ्यात वर खूप जास्त. बहुतेक इक्विटी फंड सगळ्यात वरच्या पायरीवर असतात, इंडेक्स फंड सुद्धा. ग्रुपवर इंडेक्स फंडाला "सेफ ऑप्शन" म्हणणाऱ्यांना मी फक्त त्या काट्याचा फोटो पाठवते. कर्जरोख्यांत पैसे टाकणाऱ्या डेट फंडाबद्दल लिहीत असाल तर तोही एफडीचा भाऊ नाही, एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंड कंपनीने सहा डेट योजना एकदम बंद केल्या आणि लोकांना पैसे काढता येईनात, पुढे ते टप्प्याटप्प्याने मिळाले, पण ज्याला त्या महिन्यात हवे होते त्याचं काय.

७. जोखीम कुठे लिहायची

"म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे" हे वाक्य टीव्हीवर भरभर म्हटलेलं ऐकून ऐकून आपल्याला पाठ झालंय आणि त्यामुळेच ते आता कोणाला ऐकू येत नाही. ते ठेवा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. शिवाय व्हॉट्सॲपवर मोठा मेसेज अर्धवटच दिसतो, पुढचं बघायला टॅप करावं लागतं, आणि जोखीम तळाला असेल तर ती टॅप न करणाऱ्यांना दिसतच नाही.

माझा नियम साधा आहे: जिथे फायद्याचा आकडा, त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात तोट्याचा आकडा. मग कोणी पोस्ट कुठूनही कापून पुढे पाठवली तरी दोन्ही बरोबर जातात. तुमच्या पोस्टची पहिली तीन वाक्यं वेगळी काढून वाचा, तेवढ्यात पैसे कमी होऊ शकतात हे कळतंय का? नसेल तर वाक्यं खाली-वर करा.

८. परत लिहिलेली पोस्ट

सगळं करून माझी पोस्ट आता अशी आहे:

"मैत्रिणींनो, मी दर महिन्याला ५००० रुपये इंडेक्स फंडात टाकते, त्याबद्दल लिहितेय. यात रक्कम वाढते तशी कमीही होते, २०२० मध्ये सव्वादोन महिन्यांत एक लाखाचे ६२ हजार झाले होते. पाच-सात वर्षांच्या आत लागणारे पैसे, फी, दवाखाना, यात टाकू नका, त्यासाठी एफडी मोडू नका.

समजा २० वर्षं महिन्याला ५००० टाकले, म्हणजे एकूण १२ लाख. वर्षाला सरासरी ६ टक्के वाढ झाली तर साधारण २३ लाख, ८ टक्के झाली तर साडेएकोणतीस, १० टक्के झाली तर ३८. हे दर मी धरलेत, कोणी कबूल केलेले नाहीत, यापेक्षा कमी होऊ शकतं. तेव्हाच्या ३८ लाखांची किंमत, ६ टक्के महागाई धरली, तर आजच्या १२ लाखांएवढी असेल. शेवटच्या वर्षांत मार्केट पडलं तर जमलेल्या सगळ्या रकमेला फटका बसतो, म्हणून पैसे लागायच्या तीन-चार वर्षं आधीपासून थोडे थोडे काढून सुरक्षित जागी ठेवायचा माझा विचार आहे.

मी ऑक्टोबर २०१८ ला सुरू केलं, तेव्हा मार्केट पडलेलं होतं, त्यामुळे माझा पहिल्या वर्षाचा आकडा चांगला दिसला, मार्च २०२० मध्ये मात्र भरलेल्यापेक्षा कमी दिसत होते. मी सेबी नोंदणीकृत सल्लागार नाही, यातून मला कमिशन मिळत नाही. फंड निवडायच्या आधी त्याचा रिस्कोमीटर बघा आणि कागदपत्रं वाचा."

१२ टक्क्यांची ओळ मी मुद्दाम काढली, ५० लाख हा आकडा एकदा दिसला की बाकी तीन कोणी वाचत नाही हे मी अनुभवलंय. तुम्हाला ठेवायची असेल तर सगळ्यात शेवटी ठेवा, सुरुवातीला नको. पोस्ट लांब झाली, "उशीर करू नका" गेलं, हार्ट पण पहिल्यापेक्षा खूप कमी आले.

९. टाकायच्या आधी एकाला वाचायला द्या

"कशी वाटली" विचारू नका, सगळे छानच म्हणतात. हे तीन प्रश्न विचारा आणि पोस्ट त्यांच्या हातातून काढून घेऊन विचारा: यात किती मिळणार असं लिहिलंय? पाच वर्षांनी भरलेल्यापेक्षा कमी असू शकतात का? मुलीची पुढच्या वर्षीची फी यात ठेवशील का?

पहिल्याला एकच आकडा उत्तर आला तर पायरी दोन परत करा. दुसऱ्याला "नाही, असं कसं" आलं तर तीन. तिसऱ्याला "हो" आलं तर पोस्ट अजून टाकायची नाही.

मी ही नवीन पोस्ट सगळ्यात आधी वहिनींनाच दाखवली, जरा धाकधूकच होती. त्यांनी दोनदा वाचली. पहिल्या प्रश्नाला म्हणाल्या, "तेवीसपासून अडतीसपर्यंत, पण पक्कं काही नाही." दुसऱ्याला नुसती मान हलवली. तिसरा मी विचारलाच नाही. मग त्यांनीच विचारलं, "ताई, धाकट्याला कॉलेजला जायला अजून नऊ वर्षं आहेत, त्याचं चालेल का यात?" आणि आम्ही दोघी गूगल शीट उघडून 240 च्या जागी 108 टाकून, आधी ६ टक्के धरून बघत बसलो.